खलनायक पहिल्याच भेटीत मेला; पुढचा टिकाऊ कसा घडवू? (डी अँड डी, पाचवी आवृत्ती)

वीसफाशी: मंडळी, माझ्याकडे चार खेळाडू आहेत, सगळे तिसऱ्या लेव्हलचे. मागचा खलनायक दोन फेऱ्यांत आडवा झाला. आता ओर्सेल आणतोय, एका बंदरातला जुना दीपगृहरक्षक. त्याला बंदरावर सूड उगवायचाय, एवढंच ठरलंय. पाच-सहा वेळा तरी तो भेटायला हवा.

तटबंदी: हिट पॉइंट्स दुप्पट कर आणि लेजेंडरी रेझिस्टन्स दे. प्रश्न मिटला.

मावळतीताई: तटबंदी, रेझिस्टन्समुळे तो एखाद्या स्पेलमधून सुटेल. पण चौघांच्या चार टर्न होतात आणि त्याची एकच, तिथे तो मरणारच. शिवाय हिट पॉइंट्स वाढवले की मारामारी नुसती लांबते.

वीसफाशी, ‘बंदरावर सूड’ फार ढोबळ आहे. असं धर: तेलाचा खर्च वाचवायला बंदराच्या पंचांनी एका रात्री दिवा विझवायला लावला आणि ओर्सेलच्या भावाचं जहाज खडकावर फुटलं. आता त्याला त्या पाच पंचांची घरं बुडवायची आहेत. मग पद्धत आपोआप सुचते. तो किनाऱ्यावर खोटे दिवे लावून त्यांचीच जहाजं फोडतो, स्वतः तलवार उचलत नाही. पहिली दोन सेशन त्याला दाखवूच नकोस, फुटलेलं जहाज आणि वाळूत सांडलेलं तेल दाखव.

कच्चा दुवाही त्याच रात्रीतून येऊ दे. भावाच्या नावाचा कंदील तो कायम पेटता ठेवतो. लढाईत तो विझला, तर पुढची टर्न तो पेटवण्यातच घालवतो. हे खेळाडूंना तीन ठिकाणी दिसायला हवं, कारण एक खूण ते हमखास हुकवतात. भर पावसात कंदील झाकून नेणारा नोकर, दिवसाही तेल मागवल्याची वही, आणि निसटता निसटता कंदिलासाठी मागे वळलेला ओर्सेल.

वीसफाशी: पण निसटणार कसा? मी फासे लपवून त्याला वाचवलं तर पोरांना लगेच कळतं.

मावळतीताई: लपवू नकोसच. त्याला मिस्टी स्टेप दे. बोनस ॲक्शनमध्ये तीस फूट, मग चाल आणि डॅश धरून एका टर्नमध्ये नव्वद फूट होतात. अर्धे हिट पॉइंट्स गेले की पळायचं, हे आधीच लिहून ठेव. त्याला समोरची जागा दिसावी लागते आणि मंत्र बोलावा लागतो, म्हणून धुकं किंवा सायलेन्स पडलं तर तो अडकला. तसं झालं तर मरू दे. पाचव्या लेव्हलला विझर्डकडे काउंटरस्पेल येतं, तोवर पळायची दुसरी वाट शोधून ठेव.

कोकणी_गोब्लिन: आमच्या खेळात असाच दुखावलेला खलनायक होता. चौथ्या सेशनला पार्टी त्याच्याच बाजूला गेली आणि माझी सगळी तयारी वाया गेली. ताई, तुमचा ओर्सेल ऐकून मलाही पंचांचाच राग आला.

मावळतीताई: त्या फुटलेल्या जहाजांवर खलाशीही होते. एकाची बायको खेळाडूंना किनाऱ्यावर भेटव. तरीही ते ओर्सेलकडे गेले, तर मी जाऊ देईन आणि पंचांना पुढे आणेन.

तटबंदी: मला नाही पटत. मग मुख्य खलनायक कोण उरला?

वीसफाशी: कंदील घेतला. पंचांपैकी एक आमच्या क्लेरिकचा मामा केला तर? रविवारी पहिलं जहाज फोडतोय.