मदत हवी आहे: कुटुंबाच्या गटासाठी छायाचित्र आणि मराठी मजकूर असलेले स्टिकर कसे करावेत?

वाईची_लेक

नमस्कार. माझ्या सासऱ्यांचे सहस्रचंद्रदर्शन जवळ आले आहे. त्यानिमित्त आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटासाठी त्यांच्या छायाचित्रांचा एक स्टिकरसंच करावा, असे आम्ही सुनांनी ठरवले आहे. त्यांच्या नेहमीच्या बोलण्यातले शब्द त्यांच्याच चेहऱ्यासोबत यावेत अशी इच्छा आहे: 'आशीर्वाद', 'पोहोचलात की कळवा', 'बऱ्याच दिवसांनी!', 'जेवून जा'. गटात वाई, पुणे आणि न्यू जर्सी येथील मंडळी आहेत. बहुतेकांकडे अँड्रॉइड फोन असून काहींकडे आयफोन आहेत.

स्टिकर करून देणारी काही ॲप मी वापरून पाहिली. छायाचित्र कापून घेण्याचे काम ती बऱ्यापैकी करतात, पण मराठी मजकूर टाकला की अडचणी सुरू होतात. 'आशीर्वाद' मधल्या वेलांटीचा आणि रफाराचा वरचा भाग कापला जातो. ॲपमधला एखादा सजावटीचा फाँट निवडला तर एकतर काहीच बदल होत नाही, नाहीतर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन येतात. मजकुराला कमानीचा आकार दिल्यावर 'दिवसांनी' मधली पहिली वेलांटी 'द' पासून सुटून भलतीकडे जाते.

दुसरी अडचण अशी की, माझ्या जाऊबाईंनी चाचणीसाठी केलेला छोटा संच त्यांच्या फोनवरून एकाएकी नाहीसा झाला, आणि त्याचे कारण आम्हाला कळलेले नाही. शिवाय घरातल्यांची छायाचित्रे अनोळखी लोकांना दिसू नयेत, हेही आम्हाला जपायचे आहे. जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

छपाईवाला_मिरज

वेगळ्या ॲपची गरजच नाही. व्हॉट्सॲपमध्येच स्टिकरच्या विभागात नवा स्टिकर तयार करण्याची सोय आहे. छायाचित्र निवडल्यावर ती मागचा भाग आपोआप काढून टाकते आणि त्यावर मजकूरही लिहिता येतो. अक्षरांचे वळण सुंदर हवे असेल तर श्रीलिपी किंवा कृतिदेव यांतला एखादा फाँट फोनमध्ये घालून घ्यावा. आमच्याकडे लग्नपत्रिकांचे सगळे काम त्यांवरच होते आणि रफार कधी कापला जात नाही.

शिरोरेखा

छपाईवाला यांचे पहिले म्हणणे योग्य आहे. दोन-चार स्टिकर झटपट करायचे असतील तर व्हॉट्सॲपमधली सोय पुरेशी आहे आणि तिथे जोडाक्षरेही नीट उमटतात. मात्र माझ्या फोनवर तरी तिथल्या फाँटांचा मराठी अक्षरांवर परिणाम होत नाही, सगळी मराठी अक्षरे एकाच साध्या वळणाची येतात.

श्रीलिपी किंवा कृतिदेवचे जुने फाँट मात्र येथे उपयोगी पडणार नाहीत. त्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. फोनचा कळफलक युनिकोडमध्ये लिहितो, त्यामुळे लिहिलेले 'आशीर्वाद' त्या फाँटला सापडतच नाही. छापखान्यात ते चालते, कारण तिथला कळफलकही त्याच पद्धतीचा असतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. वाईची_लेक यांनी सांगितलेले तिन्ही दोष वेगवेगळ्या कारणांनी येतात. वरचा भाग कापला जातो, कारण ॲपने मजकुराच्या चौकटीची उंची इंग्रजी अक्षरांच्या हिशेबाने धरलेली असते आणि आपल्याकडे शिरोरेषेच्या वर बरेच काही असते. ॲपमधल्या सजावटीच्या फाँटांत बहुधा देवनागरी अक्षरेच नसतात. तेव्हा फोन स्वतःचा साधा फाँट वापरतो, आणि तेही जमले नाही तर चौकोन दाखवतो. कमानीच्या मजकुरात ॲप प्रत्येक चिन्ह सुटे करून वळवते, म्हणून वेलांटी अक्षरापासून तुटते. अक्षरांमधले अंतर वाढवल्यावर शिरोरेषा तुटते, तीही याच कारणाने.

यावर माझा उपाय असा, की स्टिकर करणाऱ्या ॲपमध्ये मराठी मजकूर लिहूच नये. छायाचित्र आणि मजकूर यांचे पूर्ण चित्र दुसरीकडे तयार करावे आणि स्टिकर ॲपकडून केवळ संच बांधून घ्यावा. फोनवर पिक्सेललॅब चालेल, त्यात आपला फाँट घालता येतो. लॅपटॉप असेल तर इन्कस्केप अधिक चांगले, आणि ते मोफत आहे. फाँट गूगल फाँट्सवरून उतरवून घ्यावेत. `Baloo 2` ठळक आणि गोलसर आहे, `Mukta` साधा आणि सुवाच्य आहे. `Modak` फार गुबगुबीत आहे, म्हणून तो एखाद्या छोट्या शब्दालाच शोभतो. हे तिन्ही मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेले आहेत, त्यामुळे रफार आणि जोडाक्षरे त्यांत काळजीपूर्वक घडवलेली आहेत.

'आशीर्वाद' हाच स्टिकर उदाहरणादाखल घेऊ. पारदर्शक पार्श्वभूमीचे ५१२ बाय ५१२ पिक्सेलचे चौकोनी पान घ्यावे. व्हॉट्सॲपला स्टिकर नेमका याच मापाचा लागतो. चारही बाजूंना १६ पिक्सेल मोकळे सोडावेत. कापलेले छायाचित्र वरच्या दोन तृतीयांश भागात बसवावे आणि खालच्या भागात `Baloo 2` च्या ठळक वळणात सुमारे १३० पिक्सेल आकाराने शब्द लिहावा. रफार छायाचित्रावर थोडा चढला तरी बिघडत नाही, उलट शब्द आणि चेहरा एकत्र बांधल्यासारखे दिसतात.

यानंतरची पायरी सहसा राहून जाते. गडद रंगाच्या चॅटवर अक्षरे दिसावीत म्हणून त्यांना पांढरी किनार लागते, पण किनार थेट अक्षरांवर दिली तर शिरोरेषेच्या प्रत्येक सांध्यावर पांढरी रेघ उमटते, कारण शेजारची अक्षरे तिथे एकमेकांवर किंचित चढलेली असतात. म्हणून शब्दाची एक प्रत काढून ती खाली ठेवावी, १६ पिक्सेल जाडीची पांढरी किनार केवळ त्या खालच्या प्रतीला द्यावी आणि वरचा शब्द किनारीशिवाय ठेवावा. किनारीची अर्धी जाडी अक्षराच्या आत जाते, त्यामुळे बाहेर ८ पिक्सेल दिसतात आणि सांधे झाकले जातात.

शेवटी चित्र पीएनजी स्वरूपात जतन करावे. ते स्टिकर ॲपमध्ये घेताना आपोआप कापण्याचा पर्याय निवडू नये, पूर्ण चित्र घ्यावे. नाहीतर ॲप केवळ चेहरा ठेवून शब्द काढून टाकते. लॅपटॉपवरून फोनकडे चित्र पाठवताना ते फोटो म्हणून पाठवू नये, दस्तऐवज म्हणून पाठवावे. फोटो म्हणून पाठवले की त्याचे जेपीजी होते आणि पारदर्शकता जाते. गॅलरीत पार्श्वभूमी काळी दिसली म्हणून मात्र घाबरू नये, पुष्कळ फोन पारदर्शक भाग काळाच दाखवतात. स्टिकर ॲपमध्ये घेतल्यावर काय दिसते तेच खरे.

मामाचा_गाव

आमच्याकडे भाच्याचा पहिला वाढदिवस आहे आणि तो टाळ्या वाजवतो तेवढा तुकडा मला स्टिकर म्हणून हवा आहे. आठ स्थिर चित्रे आधीच तयार आहेत. त्याच संचात हा हलणारा स्टिकर घालायला गेलो तर ॲप नकार देते. हा दोष मराठी मजकुरामुळे येतो का?

शिरोरेखा

मजकुराचा यात संबंध नाही. व्हॉट्सॲपच्या नियमाप्रमाणे एका संचात सगळे स्टिकर स्थिर असावे लागतात किंवा सगळे हलणारे, त्यांची सरमिसळ चालत नाही. संचात किमान ३ आणि जास्तीत जास्त ३० स्टिकर असावे लागतात, म्हणून हलणाऱ्यांचा वेगळा संच करायचा तर आणखी दोन तुकडे शोधावे लागतील. हलणारा स्टिकर ५०० केबीच्या आत बसावा लागतो, तेव्हा दोन-तीन सेकंदांचाच तुकडा घ्यावा. स्थिर स्टिकरला १०० केबीची मर्यादा आहे.

विदर्भातून_बोस्टन

वाईची_लेक यांच्या जाऊबाईंचा संच का गेला असावा, याचा मला अंदाज आहे. त्यांनी फोनमधली जागा मोकळी करण्यासाठी ते स्टिकर ॲप काढून टाकले होते का? अँड्रॉइडवर बाहेरच्या ॲपने जोडलेला संच त्या ॲपमध्येच राहतो आणि व्हॉट्सॲप तो तिथून मागून घेते. ॲप काढले की संचही जातो. जे स्टिकर आवडत्यांमध्ये जतन केलेले असतात, ते मात्र राहतात. म्हणून आम्ही घरात असा रिवाज ठेवला आहे की, गटात स्टिकर आला की ज्याला हवा त्याने त्यावर बोट ठेवून तो आवडत्यांमध्ये घालावा. मूळ पीएनजी चित्रे कुटुंबाच्या ड्राइव्हमधल्या एका फोल्डरमध्ये ठेवलेली आहेत, त्यामुळे फोन बदलला तरी संच पुन्हा बांधता येतो.

खासगीपणाबद्दलही लिहितो. काही ॲप संच स्वतःच्या संकेतस्थळावर चढवून त्याचा दुवा देतात, आणि तो संच इतरांच्या शोधात दिसू शकतो. असा संच चढवण्यापूर्वी तो सार्वजनिक आहे की खासगी, ही निवड उघडून पाहावी. फोनवरच काम करणारे ॲप मिळाल्यास तेच घ्यावे. लहान मुलांची छायाचित्रे तर आम्ही स्टिकरसाठी घेतच नाही, कारण गटात आलेला स्टिकर कोणीही पुढे पाठवू शकतो, आणि आपण संदेश सर्वांसाठी पुसला तरी दुसऱ्याच्या आवडत्यांमध्ये गेलेला स्टिकर परत घेता येत नाही.

वाईची_लेक

सर्वांचे मनापासून आभार. जाऊबाईंना विचारले, त्यांनी खरोखरच ते ॲप काढून टाकले होते. शिरोरेखा यांच्या पद्धतीने 'आशीर्वाद' आणि 'जेवून जा' तयार केले. रफार पूर्ण दिसतो आणि सांध्यांवरच्या पांढऱ्या रेघाही गेल्या.

दोन गोष्टी अजून अडल्या आहेत. 'पोहोचलात की कळवा' एका ओळीत बसवले तर अक्षरे फार बारीक होतात, आणि सासऱ्यांना तर आपलाच स्टिकर वाचता येत नाही. शिवाय त्यांची पांढरी टोपी आणि मागची पांढरी भिंत ॲपला वेगळी ओळखता येत नाही, त्यामुळे टोपीचा शेंडा कापला जातो. त्यांना टोपीशिवाय दाखवणे आम्हा कोणालाच मान्य नाही.

शिरोरेखा

ते वाक्य दोन ओळींत तोडावे: वर 'पोहोचलात' आणि खाली 'की कळवा'. ओळींमध्ये पुरेसे अंतर ठेवावे, नाहीतर वरचा उकार खालच्या वेलांटीवर येतो. तुमच्या या शब्दांत उकार नाही, पण 'जेवून' मध्ये आहे. काना-मात्रा सोडून मूळ अक्षराची उंची ७० पिक्सेलच्या खाली गेली की वडीलधाऱ्यांना वाचणे कठीण जाते, असा माझा अनुभव आहे. तेवढी उंची साधत नसेल तर छायाचित्र लहान करावे, शब्द नव्हे.

टोपीसाठी हाताने कापण्याला पर्याय दिसत नाही. चित्र मोठे करून टोपीच्या कडेबाहेर थोडी भिंत राहू द्यावी, वरून पांढरी किनार दिली की ती भिंत किनारीतच मिसळून जाते. चित्र १०० केबीच्या वर गेले आणि ॲपने ते धूसर केले, तर लॅपटॉपवर `cwebp` हे चित्र लहान करणारे साधन घालून घ्यावे आणि ही आज्ञा वापरून पाहावी. चित्र आधीच चौकोनी असावे, नाहीतर चेहरा ताणला जाईल.

```
cwebp -q 80 -resize 512 512 ashirwad.png -o ashirwad.webp
```

छपाईवाला_मिरज

युनिकोडचा मुद्दा पटला. पण आमच्याकडे जुन्या फाँटात केलेली सुंदर शीर्षके आहेत. ती छापखान्याच्या संगणकावर लिहून त्यांचेच पारदर्शक पीएनजी केले तर चालेल ना?

शिरोरेखा

चालेल. चित्र झाल्यावर फाँटचा प्रश्नच उरत नाही. फक्त त्या फाँटच्या परवान्यात असा वापर बसतो का, ते पाहून घ्यावे.

वाईची_लेक

टोपी हाताने कापली, चांगली दिसते आहे. आता न्यू जर्सीच्या नणंदबाईंच्या आयफोनवर पूर्ण संच एकदम कसा पोहोचवावा, हा एक प्रश्न राहिला आहे. सध्या त्या एकेक स्टिकर आवडत्यांमध्ये घालत आहेत. आयफोन वापरणाऱ्या कोणी हे केले असेल, तर कृपया लिहावे.