मदत हवी आहे: फोटोतल्या नंबर प्लेट आणि दारावरच्या पाट्या कशा झाकता?

भाऊ लोकं, जळगावच्या जुन्या गल्ल्यांचे फोटो टाकायचेत, पण प्रत्येकात एमएच १९ वाल्या गाड्या अन् दारावर आडनावाच्या पाट्या. मोबाईलच्या मार्करने काळं फासलं तर ब्राइटनेस वाढवल्यावर खालचे आकडे दिसतात, आणि हलका ब्लर मारला तर नव्या प्लेटचा फॉन्ट सगळीकडे सारखाच, त्यामुळे अंदाज बांधता येतो. म्हणून गिंपमध्ये आधी प्लेटच्याच रंगाचा पक्का चौकोन भरतो, मग वरून ब्लर, म्हणजे खाली काही उरतच नाही, पण वेळ फार जातो भो. प्लेटसोबत मराठी पाट्याही आपोआप पकडणारं, ऑफलाइन चालणारं काही आहे का? आणि दुकानाच्या काचेत उलट्या दिसणाऱ्या प्लेटचं काय करता?