एका खोलीत दोन वाढती मुलं : तुमच्याकडे काय झालं?

धागाकर्ती : ठाण्याची_आई

आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. मुलगी अकरावीत, मुलगा आठवीत, आणि दोघांना मिळून एकच खोली. रुंदी १० फूट, लांबी ११. दहा फुटी भिंतीच्या मधोमध दोन काचांची सरकती खिडकी, समोरच्या भिंतीत कोपऱ्याला दार आणि दाराशेजारी स्विचबोर्ड. पंखा एकच, छताच्या बरोब्बर मध्ये.

गेल्या रविवारी लेकीने खाकी चिकटपट्टी आणून जमिनीवर आडवी रेघ मारली. खिडकीकडचा अर्धा भाग तिचा, दाराकडचा त्याचा. संध्याकाळी कळलं की स्विचबोर्ड त्याच्या हद्दीत गेलाय. रात्री नऊला त्याने दिवा बंद केला, ही अंधारात केमिस्ट्रीचं पुस्तक हातात धरून बसली. मग तिने खिडकी बंद केली. मग त्याने पंखा बंद केला. साडेदहाला मी आत गेले तेव्हा दोघंही घामाने भिजलेले होते आणि कुणीही जागचं हलायला तयार नव्हतं.

तिचा कॅल्क्युलेटर तो विचारल्याशिवाय घेतो. ती क्लासहून आली की कपडे बदलायचे असतात आणि हा मित्रांशी व्हिडिओवर बोलत पलंगावर लोळत असतो. उठ म्हटलं की "माझीपण खोली आहे". दोघांचंही मला पटतं, तिथेच माझी अडचण होते.

ज्यांनी हे निभावलंय, त्यांनी नेमकं काय केलं ते सांगा. जमलं नसेल तर तेही सांगा.

नाशिककर

मुलाला हॉलमध्ये झोपवा. विषय संपला.

ठाण्याची_आई

हॉलमध्ये सासूबाई झोपतात. त्यांचे गुडघे दुखतात, रात्री दोनदा उठावं लागतं, म्हणून संडासाजवळचा तो कोपरा त्यांना हवा असतो. शिवाय प्रश्न फक्त झोपण्याचा नाहीये.

चाळीतला_मुलगा

मी गिरगावातल्या चाळीत वाढलो. दहा बाय बाराची खोली, आम्ही चार भावंडं, आई-वडील आणि आजी. "आम्हाला कुठे होत्या वेगळ्या खोल्या, काही बिघडलं नाही" हेच इथे लिहायला बसलो होतो.

पण गेल्या दिवाळीत माझी बहीण, आता ५८ वर्षांची आहे, बोलता बोलता म्हणाली की लग्न होईपर्यंत एकदाही पाच मिनिटं तिला एकटीला मिळाली नाहीत. मोरीला पडदा होता, तिथे ती कपडे बदलायची, आणि बाहेरून आमच्यातला कुणीतरी "लवकर आटप" म्हणून ओरडत असायचा. रडायचं असलं तर बादली घेऊन नळावर जायची, पाण्याच्या आवाजात कळत नाही म्हणून. आम्ही तिघे भाऊ तिथेच होतो आणि आम्हाला याचा पत्ताही नव्हता. बिघडलं नाही ते आमचं.

एक गोष्ट मात्र वडिलांनी चांगली केली होती. प्रत्येकाला एक पत्र्याची ट्रंक आणि कुलूप दिलं होतं, आणि किल्ली ज्याची त्याच्याकडे. खुद्द वडीलही ती उघडायला सांगत नसत. माझ्या ट्रंकेत गोट्या आणि क्रिकेटपटूंची कात्रणं होती, लपवण्यासारखं काही नव्हतं. तरी ती किल्ली मी करगोट्याला बांधून झोपायचो.

दोन_जुळ्यांचा_बाबा

बंक बेड घ्या. आम्ही घेतला, जागेचा प्रश्न कायमचा मिटला. खाली एक, वर एक.

लाकूडकाम

बंक बेडने जमीन मोकळी होते हे खरं, पण ताईंच्या खोलीत तो घेण्याआधी पंखा बघा. आपल्याकडे छत साधारण साडेनऊ फुटांवर असतं. वरची गादी पाच फुटांवर आली आणि मूल त्यावर बसलं, की त्याचं डोकं पात्याच्या उंचीच्या आसपास जातं. एवढ्या लहान खोलीत पलंग पंख्याच्या घेराला लागूनच येतो. सकाळी अर्धवट झोपेत उठून हात वर ताणला की संपलं. बंक बेड घ्यायचाच तर छताचा पंखा काढून भिंतीवरचे लावावे लागतील.

मी पंचवीस वर्षं घरांतलं फर्निचर करतो. अशा खोल्यांमध्ये लोक दोन चुका हमखास करतात.

पहिली चूक म्हणजे कपाटांची भिंत. मध्ये एका ओळीत कपाटं उभी करायची. कपाट दोन फूट खोल, म्हणजे दहातले दोन गेले, उरले चार-चार. तीन फुटांचा पलंग टाकल्यावर चालायला एक फूट राहतो. कपाटाचं दारही उघडत नाही, पलंगावर आपटतं.

दुसरी चूक तुमच्या लेकीने केली, आणि मोठी माणसंही करतात. रेघ खिडकीला समांतर मारली. मग खिडकी एकाकडे जाते, दार दुसऱ्याकडे, आणि आतल्याला रोज बाहेरच्याच्या अंगावरून जावं लागतं. रेघ खिडकीपासून दाराच्या भिंतीकडे जाणारी हवी. मग सरकत्या खिडकीची एकेक काच एकेकाला मिळते.

तुमच्याकडे मी पडदाच करीन. दोन पलंग दोन बाजूच्या भिंतींना लावून, डोकी खिडकीकडे. प्रत्येकाला पाच फूट, त्यात तीन पलंगाचे, दोन चालायचे. पडद्याचा पाईप छताला लावायचा नाही, मध्ये पंखा आहे. सात फुटांवर, म्हणजे खिडकीच्या जरा वर, भिंतीत एक टोक बसवायचं. दुसऱ्या टोकाला जमिनीपासून छतापर्यंत लोखंडी खांब. तो खिडकीच्या भिंतीपासून आठ फुटांवर घ्या. तुमचा पंखा साडेपाच फुटांवर येतो, पातं मध्यापासून दोन फूट फिरतं, म्हणजे साडेसात फुटांपर्यंत खांब नको. पाईप एक इंची घ्या, बारीक घेतला तर पडद्याच्या वजनाने झोळ धरतो.

वर अडीच फूट मोकळं राहतं, त्यामुळे वारा दोघांना लागतो. दाराकडची तीन फूट पट्टी सामाईक, स्विचबोर्ड तिथेच. त्या भिंतीला कपाट ठेवू नका, नाहीतर पलीकडे जायची वाट बंद होईल. कपाटं पलंगांच्या पायथ्याशी बाजूच्या भिंतींना लावा.

धाकटी

मी आता वीस वर्षांची आहे. ताई आणि मी बारा वर्षं एका खोलीत होतो.

मी नववीत असताना ताईने माझी डायरी वाचली. मी उशीच्या अभ्र्यात ठेवायचे. वर्गातल्या एका मुलाबद्दल दोन पानं होती, बाकी सगळं गणिताच्या भीतीबद्दल. तिने आईला सांगितलं. आई चिडली नाही, उलट हसली आणि म्हणाली, "बहिणीबहिणींत काय लपवायचं?" मला त्या वाक्याचं जास्त लागलं. डायरी वाचली यापेक्षा, ती वाचली तर काही झालंच नाही असं घरात सगळ्यांना वाटत होतं याचं. त्यानंतर मी कधीच काही लिहिलं नाही.

ताईने गेल्या वर्षी माफी मागितली. आमचं आता छान आहे. पण ट्रंकवाले काका म्हणतात तसं कुलूप मला हवं होतं. खोली अर्धी मिळाली असती तरी डायरी वाचली गेलीच असती. पडद्याआधी मुलांना एकेक कुलपाचा खण द्या, प्लीज.

पुण्याची_मावशी

रात्रीच्या दिव्याचं भांडण निव्वळ मोबाईलमुळे. दहाला दोघांचे मोबाईल काढून घ्या, आपोआप झोपतील.

शाळेतली_समुपदेशक

मोबाईलने झोप लांबते हे बरोबर आहे. पण तेवढंच नाही. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप आणणारं संप्रेरक रात्री उशिरा पाझरायला लागतं. अकरावीतल्या मुलीला दहाला अंथरुणावर घातलं तरी अकरापर्यंत डोळा लागेलच असं नाही. आठवीतल्या मुलाची सकाळची शाळा असेल तर त्याला लवकर अंधार हवा असतो. या वयात आठ ते दहा तास झोप लागते, आणि एका खोलीत दोघांचे ते तास जुळत नाहीत. तिला मान वाकणारा, पिवळसर उजेडाचा टेबललॅम्प द्या, तोंड भिंतीकडे करून. छताचा दिवा ठरल्या वेळेला बंद, आणि ती वेळ धाकट्याच्या शाळेवरून ठरवा. तो "मुद्दाम" दिवा बंद करतो असं जे वाटतं, त्यात निम्मी खरी झोप असते.

लेस्टरहून

आम्ही इंग्लंडमध्ये असतो. इथल्या १९८५च्या हाउसिंग कायद्यात असं आहे की नवरा-बायको नसलेल्या, दहा किंवा त्याहून मोठ्या मुलगा-मुलीला एका खोलीत झोपावं लागत असेल, तर त्या घरात कायद्याने गर्दी मानली जाते. गंमत म्हणजे खोल्या मोजताना हॉलही झोपायची खोली म्हणून धरतात. त्यामुळे कागदावर गर्दी नाही, आणि घरात भांडणं तीच. माझा मुलगा दोन वर्षं सोफ्यावर झोपला. त्याची तक्रार झोपेची नव्हती. त्याला दारच नव्हतं, ही होती.

ठाण्याची_आई

तीन आठवड्यांनी लिहितेय.

पाईप आणि खांब बसवला, आठ फुटांवरच. आठवडाभर सगळं बरं होतं. मग एका रात्री मी पाणी द्यायला गेले तर पडदा पातळ असल्याने लेकीच्या लॅम्पच्या उजेडात तिची पूर्ण सावली पडद्यावर दिसत होती. हात, केस, सगळं. ती कपडे बदलत असती तर? दुसऱ्या दिवशी जाड कापड आणून अस्तर लावून घेतलं. कुणी पडदा लावणार असाल तर आधी एका बाजूला लॅम्प लावून दुसऱ्या बाजूने बघा.

दोघांना एकेक खण, कुलूप आणि किल्ली. दुसरी किल्ली माझ्याकडे नाही. हे मला जड गेलं, धाकटी यांचं वाचून दिली.

आणि तास ठरवले. पाच ते सहा खोली पूर्ण तिची, सात ते आठ पूर्ण त्याची. दुसऱ्याने हॉलमध्ये यायचं, काही हवं असेल तर आधीच घेऊन. तिला कपडे बदलायला, मैत्रिणीशी बोलायला तो तास पुरतो. मला वाटलं मुलाला याची गरज नसेल, पण पहिल्याच दिवशी सातला त्याने दार लावून घेतलं आणि तासभर आवाज नाही. नंतर कळलं तो आरशासमोर उभा राहून फुटलेला आवाज ताळ्यावर आणायला कविता म्हणत होता. वर्गात हसतात म्हणे.

कॅल्क्युलेटरचं भांडण चालूच आहे.

आणि कडीचं ठरत नाहीये. दोघांनाही आपापल्या तासाला आतून कडी हवी आहे. सासूबाईंचं म्हणणं, आत कुणाला चक्कर आली तर दार फोडायचं का? नवऱ्याचं म्हणणं, वयात आलेल्या मुलांना कडी नको. माझं मन लेकीकडे झुकतं.

चाळीतला_मुलगा

कडी द्या.

शाळेतली_समुपदेशक

मी एवढ्यात हो म्हणणार नाही. मोबाईल आत असताना कडी, हा वेगळा विषय आहे. तासाला मोबाईल बाहेर ठेवायला दोघं तयार आहेत का, ते आधी विचारा.

ठाण्याची_आई

मुलगा तयार आहे. मुलगी नाही, तिला मैत्रिणीशी बोलायचंच असतं.

लाकूडकाम

बाथरूमच्या दाराला लावतात तसं लॉक मिळतं. आतून बोटाने फिरवायचं, बाहेरच्या बाजूला खाच असते, नाणं घालून फिरवलं की उघडतं. सासूबाईंची चक्करची काळजी तेवढ्यात मिटेल. मोबाईलचं तुम्ही बघा.

ठाण्याची_आई

एक आणून सासूबाईंच्या हातात देते. नाणं त्यांच्याच बटव्यात ठेवते.