“झूम करून बघ” म्हटल्याने मॉडेल खरंच जवळून बघतं का?

नवखा: सातबाऱ्याचा फोटो एआय मॉडेलला दिला, त्याने फेरफार क्रमांक चुकीचा वाचला. “उजवीकडे झूम करून नीट बघ” म्हटल्यावर दुसराच आकडा आला, तोही चूक. कसं सांगायला हवं?

पिक्सेलप्रेमी: कसंही सांगा, फरक पडणार नाही. फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा असला तरी बऱ्याच सेवा तो मॉडेलला देण्याआधी लहान करतात. लांब बाजू १५०० वर आली असं धरा. मूळ फोटोत २४ पिक्सेल उंच असलेला आकडा ९ पिक्सेलचा उरतो. एवढ्यात १ आणि ९ ओळखणं अवघड. “झूम कर” म्हटल्यावरही समोर तेच ९ पिक्सेल असतात. आकडा बदलला तो बहुधा तुम्ही शंका घेतलीत म्हणून. मूळ फोटोतून तेवढाच भाग, समजा १२०० बाय ९००, कापून नव्याने पाठवा. तो लहान करावाच लागत नाही, त्यामुळे २४ पिक्सेल जसेच्या तसे पोचतात.

उलटतपासणी: हे अर्धंच पटतं. ठळक ओळ गाळली असेल तर “खालून दुसरी ओळ वाच” एवढ्यानेही ती मिळते. शिवाय ओपनएआयचं २०२५ मध्ये आलेलं ओ३ मॉडेल स्वतःच झूम करतं. मग कापायचं कशाला?

पिक्सेलप्रेमी: गाळलेल्या ओळीचं मान्य, ती मुळात वाचता येत होती. पण ओ३ही तेच करतं: भाग कापतं आणि तो तुकडा स्वतःला नव्याने दाखवतं. कात्री त्याच्या हातात, एवढाच फरक. त्याला मूळ फोटो मिळाला की आधीच आकसलेला, यावर सगळं अवलंबून.

गावकरी: मी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो कापून देतो, तरी चुकतं. म्हणजे कापण्यात अर्थ नाही.

पिक्सेलप्रेमी: तो फोटो तुमच्याकडे येण्याआधीच लहान झालेला असतो. गेलेले पिक्सेल कापून परत येत नाहीत. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. आणि फार घट्ट कापू नका. फे.फा. रकान्याचं शीर्षक तुटलं तर मॉडेल जवळच्या ‘आकार’ रकान्यातला आकडाही फेरफार क्रमांक म्हणून देईल. शीर्षकाची ओळ आणि खातेदाराचं नाव तुकड्यात राहू द्या, सोबत पूर्ण फोटोही द्या.

उलटतपासणी: तुकडा दुप्पट मोठा करून पाठवला तर? मॉडेल चित्र ठरावीक मापाच्या चौकटींत पाहतं. मोठा आकडा जास्त चौकटींत पसरेल.

पिक्सेलप्रेमी: नवा तपशील त्यातून येत नाही.

उलटतपासणी: तपशील नाही येणार, पण असलेला वाचायला सोपा जाऊ शकतो. मी हा मुद्दा सोडत नाही.

पिक्सेलप्रेमी: मग दोन्ही करून पाहा. नवखा, तुम्हीसुद्धा: तोच भाग थोडा सरकवून दोनदा कापा, दोन नव्या संवादांत द्या, अपेक्षित आकडा सांगू नका. उत्तरं वेगळी आली तर फोटो पुन्हा जवळून काढा.