उत्तर: दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडचा माल बनवतं कोण?

>> पाकिटावरचा एफएसएसएआय क्रमांक शोधला, तर दुकानाच्याच कंपनीचं नाव आलं. म्हणजे तेच बनवतात का?

नाही, तुम्ही बहुधा एफएसएसएआयच्या लोगोशेजारचा क्रमांक घेतलात. तो ब्रँडमालकाचा असतो. उत्पादक वेगळा असेल तर त्याचाही १४ अंकी परवाना क्रमांक छापावा लागतो, पण बारीक अक्षरात, पत्त्यांच्या गर्दीत. तो foscos.fssai.gov.in वर टाकला की परवानाधारकाचं नाव आणि पत्ता मिळतो.

माझ्याकडच्या केचपच्या बाटलीवर तीन कारखान्यांचे पत्ते होते, A, B, C अशा खुणांसह, आणि खाली 'बॅच क्रमांकाचं पहिलं अक्षर पाहा' अशी सूचना. बॅच B ने सुरू होत होती, म्हणजे दुसरा पत्ता. पुढच्या महिन्याची बाटली C निघाली! त्यामुळे एका बाटलीवरून निष्कर्ष काढू नका. डाळी-मसाल्यांवर नुसतं 'पॅक्ड बाय' असेल तर तो फक्त पिशव्या भरणारा. माल कुठल्या गिरणीतला, हे त्यावरून कळत नाही. आणि कारखाना नामांकित कंपनीचा निघाला तरी पाककृती तीच असेल असं नाही, घटकांची यादी शेजारी ठेवून ताडून बघा.