‘परस्पर चूक’ की ‘उभयपक्षी चूक’?

सुनंदा (होटगी रोड, सोलापूर): भावाच्या खरेदीखतात गट नंबर चुकलाय. व्यवहार ठरला ११८/२ चा, ताबाही त्याचाच, टायपिंगमध्ये झालं ११८/१. एका अर्जात ‘परस्पर चूक’ असं लिहिलंय. हा शब्द बरोबर आहे का?

वकीलकाका: ताई, तो शब्द टाळा. आपल्याकडे ‘परस्पर विकलं’ म्हणजे दुसऱ्याला न कळवता विकलं, म्हणून अर्ज वाचणाऱ्याला कुणीतरी डाव केला असं वाटेल. ‘उभयपक्षी चूक’ लिहा. दोघांच्याही मनात एकच जमीन होती आणि कागदावर दुसरी उतरली, एवढंच त्यातून कळायला हवं.

महेश: दोघांची चूक असेल तर करारच रद्द ठरतो ना? करार कायद्याचं कलम २० तेच सांगतं.

वकीलकाका: कलम बरोबर आहे, पण ते इथे लागत नाही. ते ठरावातच चूक असेल तेव्हाचं आहे, म्हणजे व्यवहाराच्या मुळाशी असलेल्या एखाद्या गोष्टीबद्दल दोघांचाही गैरसमज असेल तर. इथे ठराव शुद्ध आहे, लेखन चुकलंय. म्हणून इथे लागतं १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याचं कलम २६, कोर्टाकडून दस्त दुरुस्त करून घेण्याचं. विकणारा तयार असेल तर कोर्टाची गरजच नाही. दोघांनी चूकदुरुस्ती लेख करायचा, मूळ खताचा दस्त क्रमांक आणि तारीख घालून, आणि तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचा. निबंधक स्वतःहून नंबर खोडून देत नाही.

सुनंदा: विकणारे वारले. मुलगा म्हणतो, कागदावर आहे तेच खरं.

वकीलकाका: मग दावा, वारसांविरुद्ध. विसारपावतीत ११८/२ आहे का बघा. खतातल्या चतुःसीमा ११८/२ शी जुळतात का तेही बघा. सीमा एका जमिनीच्या आणि नंबर दुसरीचा, याहून बोलका पुरावा क्वचितच मिळतो. दाव्यात दुरुस्तीची मागणी स्पष्ट लिहा. न मागता कोर्ट ती देत नाही. राहिली तर दाव्यात सुधारणा मागता येते. आणि चूक कधी कळली ती तारीख जपा, मुदत तीन वर्षांची आणि ती चूक कळल्यापासून मोजतात.

रफिकभाई: माझंपण तसंच आहे! शेडचं भाडं मी अकरा हजार समजलो होतो, करारात तेरा निघालं. दुरुस्त होईल का?

वकीलकाका: मालकाच्या मनात तेराच असेल तर नाही, भाई. तो तुमचा एकट्याचा समज झाला. अकरा ठरलेलं माहीत असून त्यानं तेरा घातलं असेल तर ती फसवणूक, आणि कलम २६ फसवणुकीलाही लागतं. पण सिद्ध तुम्हाला करावं लागेल.

महेश: मुलानं दरम्यान ११८/२ बँकेकडे गहाण टाकली असेल तर?

वकीलकाका: तिथे खरी अडचण. प्रामाणिकपणे, मोबदला देऊन हक्क मिळवलेल्या तिसऱ्याला धक्का लावून दुरुस्ती होत नाही.

सुनंदा: पण भाऊ तिथं ज्वारी पेरतोय! बँकेनं शेतावर येऊन बघायला नको होतं का?

वकीलकाका: ताबा दुसऱ्याचा दिसत असेल तर त्याच्या हक्काची कल्पना होती असं धरता येतं, म्हणून हा मुद्दा जोरात मांडता येईल. कोर्ट मानेल का, हे पेऱ्याच्या नोंदी आणि गहाणखताची तारीख पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही.