अनुभव धागा: वर्षभराच्या रजा आधीच मांडल्या तर मंजुरी सोपी होते का?

लॅब इन्चार्ज, मुंबई

डिसेंबर उजाडला की आमच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये पुढच्या वर्षाच्या रजांचा तक्ता फिरतो. बारा टेक्निशियन. निम्मे कोकणातले, तिघी केरळच्या, दोघे मुस्लिम, एक वसईचा ख्रिश्चन. लॅब चोवीस तास चालू. ज्यांच्या खात्यात असे सण एकमेकांवर येतात त्यांनी आपले अनुभव लिहावेत, म्हणून हा धागा. सुरुवात मी करते.

एका वेळी किती जणांना सोडता येतं, हा आकडा सगळ्यांना माहीत हवा. आमच्याकडे सकाळी चार, दुपारी दोन, रात्री एक, म्हणजे आठवड्याच्या 49 ड्युट्या. प्रत्येक नाईटनंतर एक ऑफ द्यावाच लागतो, ते सात धरले की 56. बारा जण सहा-सहा दिवस येतात, म्हणजे 72. उरल्या 16. दोघं आठवडाभर गेले की त्यातल्या 12 संपतात आणि चार आजारपणासाठी राहतात. म्हणून एका वेळी दोघंच. हे गणित मी भिंतीवरच लावलंय. तेव्हापासून "मलाच का नाही" हा प्रश्न कमी झालाय.

2025 चा गणपती आठवा. 27 ऑगस्टला चतुर्थी, 31 ला गौरी आल्या, 5 सप्टेंबरला ओणम आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, 6 ला अनंत चतुर्दशी. कोकणातल्या पाच जणांनी गणपतीची रजा मागितली होती. अर्ज ऑगस्टमध्ये आले असते तर पहिले दोन मंजूर करून बाकीच्यांना नाही म्हणावं लागलं असतं. पण प्लॅन डिसेंबरातच हातात होता, त्यामुळे प्रत्येकाला शांतपणे विचारता आलं: कुठला दिवस चुकवून चालणारच नाही? दोघांकडे दीड दिवसाचा गणपती, ते 26 ते 28. दोघींच्या सासरी गौरी, त्या 30 पासून विसर्जनापर्यंत. पाचव्याच्या घरी बाप्पा अनंत चतुर्दशीपर्यंत असतात, तो 3 तारखेला निघाला. त्याच दिवसांत केरळला जाणारी एकच होती. बाकीच्या दोघी ओणम मुंबईतच करतात, त्यांना त्या दिवशी दुपारची ड्युटी नको होती, इतकंच. पाचही जणांना रजा मिळाली आणि एका वेळी दोघांच्या वर कोणी बाहेर नव्हतं.

रक्तपेढीत 22 वर्षं, पुणे

ताईंचं गणित बरोबर आहे, पण त्यात भर घालते. डोकी मोजून भागत नाही, काम कोणाला येतं ते बघावं लागतं. आमच्याकडे क्रॉसमॅच स्वतंत्रपणे करणारे चारच. त्यातले दोघं एकदम गेले की उरलेल्या दोघांच्या नाईट एकाआड एक लागतात आणि आठव्या दिवशी कोणीतरी आजारी पडतंच. म्हणून मी माझ्या प्लॅनमध्ये तारखेसमोर "माझ्या जागी कोण" हेही लिहून देते, त्या व्यक्तीला आधी विचारून. असा अर्ज साहेबांकडे पडून राहिलेला मला आठवत नाही.

दुसरं, तक्त्यात नाव आलं म्हणजे रजा मंजूर झाली असं नाही. सिस्टीममध्ये अर्ज वेगळा टाकावा लागतो. आमच्याकडे एका मुलीचं नाव जानेवारीपासून तक्त्यात होतं, अर्ज मात्र टाकलेला नव्हता. मे महिन्यात इन्चार्ज बदलल्या. नव्या बाईंनी सिस्टीममध्ये पाहिलं, तिथे काहीच नव्हतं, आणि ते दिवस दुसऱ्याला गेले.

बँकवाला, नाशिक

आमच्याकडे सोपं आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने वर्षातून सलग दहा दिवस सक्तीची रजा घ्यावीच लागते. मी जानेवारीतच ते दहा दिवस दिवाळीला जोडून मागून ठेवतो. नाही म्हणायची सोयच नाही.

ऑडिट विभाग, ठाणे

दादा, यातलं अर्धंच बरोबर आहे. 2021 च्या परिपत्रकात दहा कामाचे दिवस सलग आहेत, पण ते संवेदनशील जागांवरच्या लोकांसाठी, आणि पूर्वसूचना न देता. माणूस अचानक बाहेर गेला की त्याचं काम दुसऱ्याच्या हाती येतं आणि गडबड असेल तर दिसते, हाच त्यामागचा हेतू. ती रजा आपण प्लॅनमध्ये मागूच शकत नाही. तुम्हाला दिवाळीत मिळते ती तुमची साधी पीएल असणार. उलट शाखेच्या तक्त्यात अशा अचानक रजेसाठी एका माणसाची जागा मोकळी ठेवावी लागते, नाहीतर ती नेमकी कोणाच्या तरी ठरलेल्या रजेवर येऊन पडते.

शिल्लक रजा

माझ्या 40 रजा शिल्लक आहेत आणि कंपनी म्हणते पुढच्या वर्षी नेता येणार नाहीत. पैसे मिळतात का? कोणाला माहीत असेल तर सांगा.

लॅब इन्चार्ज, मुंबई

हे कंपनीच्या नियमावर आणि तुम्हाला कुठला कायदा लागू होतो त्यावर आहे, एचआरकडून लेखी घ्या. इथे विषय वेगळा आहे, पण 40 रजा साठल्या असतील तर प्लॅन तुम्हालाच सर्वांत आधी द्यायला हवा.

चिपळूणचा, सध्या डोंबिवली

मी रेल्वेच्या तारखेवरून उलटं मोजतो. नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, पूर्वी 120 होते. 2026 ची चतुर्थी 14 सप्टेंबरला, सोमवारी. शनिवारी 12 ला निघायचं तर तिकीट 14 जुलैला सकाळी उघडणार आणि कोकणच्या गाड्या काही मिनिटांत भरणार. म्हणजे पक्की मंजुरी जुलैच्या पहिल्या आठवड्यात हातात हवी. प्लॅनमध्ये मी तसं लिहूनच देतो. साहेबांनाही कळतं की हा उगाच घाई करत नाही.

आणि मागच्या वर्षीच्या तारखा उतरवून काढू नका. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून गणपती ऑगस्टअखेरीवरून थेट सप्टेंबरच्या मध्यावर गेलेत. आमच्या गोदामात दोघांनी जुन्याच तारखा भरल्यात.

फ्रंट ऑफिस, गोवा

आमचं उलटं आहे. नाताळ ते नवीन वर्ष हॉटेलात कोणालाच रजा नाही, कितीही आधी मागा. म्हणून चवथ हीच सगळ्यांची रजा, आणि ख्रिश्चन सहकारी तेव्हा आम्हाला सांभाळून घेतात. त्यांचा नाताळ मात्र कामावरच जातो. त्यांना जानेवारीत सलग दिवस द्यायचे असं आम्ही तीन वर्षांपूर्वी ठरवलं, आणि ते प्लॅनमध्ये सगळ्यांच्या आधी भरतो. पुरेसं आहे असं मला वाटत नाही.

लॅबमधलाच एक

मी वरच्या ताईंच्याच खात्यातला. ईद चंद्रावर ठरते, त्यामुळे मी प्लॅनमध्ये दोन तारखा देतो आणि "यातली एक" असं लिहितो. ते चालतं. पण 2025 मध्ये मुंबईतली ईद-ए-मिलादची सुट्टी जुलूससाठी 5 वरून 8 सप्टेंबरला गेली, तीही जेमतेम दोन दिवस आधी. मी अदलाबदल करून घेतलेला ऑफ 5 लाच होता. 8 ला एक सहकारी माझ्या जागी उभी राहिली म्हणून निभावलं. असा बदल कुठल्याच तक्त्यात बसत नाही.

अविवाहित, आयटी सपोर्ट

मला एक पटत नाही. आधी देईल त्याला आधी, असा नियम केला की जुनी माणसं 1 डिसेंबरलाच दिवाळी अडवतात. नव्याला डिसेंबरात माहीतही नसतं की बहिणीचं लग्न कधी निघेल. आमच्याकडे सलग तिसरी दिवाळी मी ऑनकॉल आहे.

रक्तपेढीत 22 वर्षं, पुणे

हे खरं आहे. आम्ही वही ठेवली: गेल्या वर्षी दिवाळी ज्यांनी घेतली ते यंदा शेवटी निवडतात. तरी लहान मुलं असलेल्या बायका म्हणतात, शाळेला सुट्टी तेव्हाच असते, आम्ही काय करायचं? दर डिसेंबरला यावर वाद होतो आणि अजून मिटलेला नाही.

लॅब इन्चार्ज, मुंबई

आमच्याकडे रजा निवडण्याची फिरती पाळी दिवाळीपुरतीच आहे, गणपतीला नाही, कारण तिथे दिवस वाटून घेता येतात. लक्ष्मीपूजन सगळ्यांचं एकाच संध्याकाळी. 2026 ला ते 8 नोव्हेंबरला, रविवारी आहे. त्या दिवशीची दुपारची शिफ्ट दोन तुकड्यांत मोडली, चार-चार तासांची, तर जास्त जणांना पूजा गाठता येईल असं वाटतंय. कोणी असं करून पाहिलंय का? रात्रीचा हँडओव्हर कसा जमवला, तेवढं सविस्तर लिहा.